वीस लाखांची रेघ आणि बिलावरच्या दोन ओळी

नांदेड जिल्ह्यातलं धर्माबाद आणि तेलंगणातलं बासर यांच्यात काही किलोमीटरचंच अंतर आहे. मध्ये राज्याची हद्द आहे, पण बाजार दोन्हीकडचा एकच. धर्माबादच्या मिरचीला मोठं नाव आहे. समजा, धर्माबादेत एकजण मिरची आणि मसाले विकतो आणि वर्षाला त्याची तीस लाखांची विक्री होते. त्याचा माल फक्त महाराष्ट्रातच विकला जात असेल, तर त्याला जीएसटीची नोंदणी घ्यावी लागत नाही. तेवढाच माल, त्याच भावानं, बासरमध्ये किंवा हैदराबादच्या बेगम बाजारात विकणाऱ्याला मात्र ती घ्यावीच लागते. देशभर एकच कर म्हणून जीएसटीची ओळख आहे, त्यामुळे हा फरक अनेकांना माहीतच नसतो. हैदराबादेत घरगुती फराळाचा, मसाल्याचा, साड्यांचा धंदा करणारी मराठी मंडळी पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडून ‘मर्यादा चाळीस लाखांची आहे’ असं ऐकतात आणि निर्धास्त राहतात.

हा फरक पडला २०१९ साली. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, तेव्हा बहुतेक राज्यांत नोंदणीची मर्यादा वीस लाखांची होती. १० जानेवारी २०१९ च्या बैठकीत जीएसटी परिषदेनं माल विकणाऱ्यांसाठी दोन मर्यादा ठेवल्या, चाळीस लाख आणि वीस लाख, आणि त्यांतली कोणती स्वीकारायची हे आठवड्याभरात कळवा, असं राज्यांना सांगितलं. महाराष्ट्रानं चाळीस लाख निवडले. तेलंगणानं वीस लाखच ठेवले. १ एप्रिल २०१९ पासून हे अधिसूचनेनं लागू झालं. त्या अधिसूचनेत चाळीस लाखांची सवलत न मिळणाऱ्या राज्यांची यादी आहे. तिच्यात ईशान्येकडची काही छोटी राज्यं, उत्तराखंड आणि पुदुच्चेरी यांच्याबरोबर तेलंगणाचंही नाव आहे. सेवा देणाऱ्यांची मर्यादा महाराष्ट्र आणि तेलंगणा दोन्हीकडे वीस लाखच आहे. महाराष्ट्रातही चाळीस लाखांची सवलत फक्त मालच विकणाऱ्याला मिळते. मालाबरोबर एखादी सेवाही देत असाल, मग ते खोलीचं भाडं का असेना, तर ‘फक्त माल’ ही अट मोडते आणि मर्यादा वीस लाखांवर येते. कर्जाऊ किंवा ठेवीत दिलेल्या पैशांवरच्या व्याजाला तेवढी सूट आहे.

तेव्हा हैदराबादेत वीस लाखांचा आकडा धरूनच चालायचं. पण हे वीस लाख कशाचे मोजायचे? सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

कायद्यात ‘एकूण उलाढाल’ म्हणून जी आहे ती नफा नव्हे, आणि फक्त करपात्र मालाची विक्रीही नव्हे. एका पॅनवर देशभरात जेवढी विक्री होते, त्या सगळ्याची ती बेरीज असते. करपात्र मालाबरोबर करमाफ मालही त्यात येतो, निर्यात येते, दुसऱ्या राज्यात केलेली विक्री येते, मालकाच्या नावावर चालणारा दुसरा धंदाही येतो. गोळा केलेला जीएसटी तेवढा वगळायचा. वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असं धरायचं.

एक उदाहरण शेवटापर्यंत नेऊन पाहू. ते कल्पित आहे, पण त्यातले दर आणि नियम खरे आहेत. काचीगुड्यात एक बाई घरालगतच्या गाळ्यात फराळाचा धंदा करतात. चिवडा, चकली, बाकरवडी, गोडा मसाला, काळा मसाला आणि पापड असा माल. धंदा त्यांच्या नावावर, त्यांच्या पॅनवर आहे. माहेरचं नांदेडचं घर त्यांच्या नावावर झालेलं आहे आणि ते एका कुटुंबाला राहायला महिना बारा हजारांनी दिलेलं आहे. एप्रिल ते डिसेंबर २०२५ या नऊ महिन्यांत चिवडा-चकली-बाकरवडी विकली गेली ११,२०,००० रुपयांची, मसाले ३,००,००० रुपयांचे आणि पापड ४,२०,००० रुपयांचे.

बाईंचा हिशेब असा, की पापडाला जीएसटी नाही, तो कशाला धरायचा? नांदेडच्या घरभाड्याचा तर धंद्याशी संबंधच नाही. त्यामुळे त्यांच्या मते उलाढाल झाली १४,२०,००० रुपयांची आणि मर्यादा अजून पाच लाख ऐंशी हजारांनी दूर आहे.

कायद्याचा हिशेब वेगळा आहे. पापड करमाफ आहे हे खरं, पण करमाफ विक्रीही उलाढालीत धरली जाते. कुटुंबाला राहायला दिलेल्या घराच्या भाड्यावर कर नाही हेही खरं, पण ती करमाफ सेवा आहे आणि पॅन तोच आहे. म्हणून १४,२०,००० मध्ये पापडाचे ४,२०,००० आणि भाड्याचे १,०८,००० मिळवायचे. बेरीज होते १९,४८,००० रुपये. डिसेंबरअखेर मर्यादेला फक्त बावन्न हजार उरलेले आहेत आणि पुढे संक्रांत आहे.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. याच बाई फक्त पापडच विकत असत्या, तर विक्री तीस लाखांवर गेली तरी त्यांना नोंदणी लागली नसती. ज्याची सगळीच विक्री करमाफ आहे, त्याला कायद्यानं नोंदणीतून मोकळं ठेवलं आहे. पण पापडाच्या बरोबरीनं चिवड्याचं एक पाकीट जरी विकलं, तरी ती मोकळीक जाते आणि पापडासकट सगळी बेरीज मोजली जाते. कर द्यायचा तो मात्र चिवड्यावरच. म्हणजे नोंदणी लागते का हे ठरवताना सगळं मोजायचं आणि कर आकारताना करपात्र तेवढंच धरायचं. हे दोन हिशेब एकमेकांत मिसळले की गोंधळ झालाच.

८ जानेवारी २०२६ रोजी बाईंची बेरीज वीस लाखांच्या पुढे गेली असं धरू. त्या दिवसापासून त्या नोंदणीस पात्र झाल्या. वर्ष संपायची वाट पाहायची नसते, चार्टर्ड अकाउंटंट मार्चनंतर हिशेब करतील तेव्हा बघू, असंही चालत नाही. ८ जानेवारीपासून तीस दिवसांत, म्हणजे ७ फेब्रुवारीपर्यंत, अर्ज करायचा. अनेकांना धास्ती असते, की वीस लाख ओलांडले म्हणजे आता सगळ्या वीस लाखांवर कर भरावा लागणार. तसं नाही. आधीच्या विक्रीवर कर नाही. ८ जानेवारीपासून पुढच्या करपात्र विक्रीवरच तो लागतो.

अर्ज gst.gov.in या संकेतस्थळावर करायचा असतो आणि त्याला सरकारी शुल्क नाही. फॉर्मचं नाव REG-01. पॅन, आधार, फोटो, बँक खातं आणि जागेचा पुरावा लागतो. अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा जागेच्या पुराव्यावरून. गाळा भाड्याचा असेल तर भाडेकरार आणि मालकाच्या नावाचं वीजबिल किंवा मालमत्ता कराची पावती हवी. जागा नवऱ्याच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतिपत्र आणि सोबत तोच पुरावा. वीजबिलावरचा पत्ता आणि अर्जातला पत्ता जुळला पाहिजे. घरक्रमांक एकीकडे जुना आणि दुसरीकडे नवा असेल, तर अधिकारी खुलासा मागतात. खुलाशाला सात कामकाजी दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर गेलं नाही तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. अर्जाच्या वेळी आधारची पडताळणी झाली आणि कागद ठीक असले, तर साधारण सात कामकाजी दिवसांत प्रमाणपत्र मिळतं. जागेची प्रत्यक्ष पाहणी ठरली तर तीस दिवसांपर्यंत लागू शकतात. अर्ज राज्याच्या अधिकाऱ्याकडे जाईल किंवा केंद्राच्या. राज्याच्या वाणिज्य कर विभागाचं मुख्य कार्यालय नामपल्लीत आहे, केंद्राचं जीएसटी भवन बशीरबागेत. छोट्या धंद्याला तिथे जाण्याची वेळ सहसा येत नाही.

प्रमाणपत्रावर पंधरा अक्षर-अंकांचा क्रमांक येतो, तोच जीएसटीआयएन. त्याचे पहिले दोन अंक राज्याचे असतात, तेलंगणाचे ३६ आणि महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. त्यानंतर त्या राज्यात त्या पॅनवरची ही कितवी नोंदणी ते सांगणारं एक अक्षर, मग बहुधा Z, आणि शेवटी तपासणीचं एक अक्षर. कुणाच्या बिलावर ३७ नं सुरू होणारा क्रमांक दिसला, तर ती आंध्र प्रदेशातली नोंदणी आहे, तेलंगणातली नव्हे. प्रमाणपत्र धंद्याच्या जागी दिसेल असं लावायचं आणि क्रमांक दुकानाच्या पाटीवर लिहायचा, असा नियम आहे.

आता त्या तीस दिवसांची किंमत पैशांत पाहू. बाईंनी २२ जानेवारीला अर्ज केला आणि २ फेब्रुवारीला प्रमाणपत्र मिळालं. अर्ज मुदतीत असल्यामुळे नोंदणी ८ जानेवारीपासूनच लागू धरली जाते. ८ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत त्यांनी करपात्र माल विकला १,५७,५०० रुपयांचा. तेव्हा त्यांच्याकडे क्रमांक नव्हता, म्हणून बिलावर कर वेगळा घेतला नव्हता आणि तो घेताही आला नसता. पण त्या विक्रीवर कर लागतोच. फराळाच्या मालाला आणि मसाल्यांना पाच टक्के दर आहे. आधी पाकीटबंद फरसाणाला बारा टक्के होते, ते २२ सप्टेंबर २०२५ पासून पाच झाले. मिळालेल्या रकमेतच कर आहे असं धरून १,५७,५०० ला १०५ नं भागून ५ नं गुणलं, की ७,५०० रुपये होतात. हे पैसे बाईंच्या खिशातून जाणार.

पण अर्ज वेळेत केल्याचा फायदाही आहे. नोंदणी लागू होण्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे ७ जानेवारीच्या रात्री, दुकानात जो कच्चा, अर्धवट तयार आणि तयार माल होता, त्यासाठी खरेदीच्या वेळी भरलेला कर त्यांना वजावटीला मिळतो. त्या रात्री पक्क्या बिलावर घेतलेलं तेल, बेसन वगैरे ६०,००० रुपयांचं पडून होतं, त्यावरचा पाच टक्के कर ३,००० रुपये. पाकिटांचं प्लास्टिक १०,००० रुपयांचं होतं, त्यावर अठरा टक्के म्हणजे १,८०० रुपये. एकूण ४,८००. पापड करमाफ असल्यामुळे त्याच्या वाट्याचा कर वजा मिळत नाही, तो ८०० रुपये धरू. उरलेले ४,००० रुपये ७,५०० मधून वळते होतात आणि खिशातून जातात ३,५००. त्यासाठी ठरलेल्या मुदतीत ITC-01 हा फॉर्म भरावा लागतो, आणि खरेदीची बिलं एक वर्षाहून जुनी असून चालत नाहीत. चकलीचं यंत्र किंवा वजनकाटा यांवर आधी भरलेला कर या तरतुदीत मिळत नाही, मिळतो तो फक्त साठ्यातल्या मालावरचा. म्हणून मर्यादा जवळ आली की तेल-बेसन पक्क्या बिलावरच घ्यावं, असं मी आग्रहानं सांगेन. बेगम बाजारात चिठ्ठीवर घेतलेला माल थोडा स्वस्त पडत असेलही, पण त्यातला कर पुन्हा कधीच हाती येत नाही.

याच बाईंनी मार्चअखेर हिशेब केला असता आणि प्रमाणपत्र एप्रिलमध्ये मिळालं असतं, तर काय झालं असतं? नोंदणी प्रमाणपत्राच्या तारखेपासून लागू झाली असती, पण कराचं देणं ८ जानेवारीपासूनच राहिलं असतं. मधल्या तीन महिन्यांच्या विक्रीवरचा कर पूर्ण भरावा लागला असता. ७ जानेवारीच्या साठ्यावरची वजावट गेली असती आणि त्या तीन महिन्यांतल्या खरेदीवरचीही. वर व्याज वर्षाला अठरा टक्के. आणि नोंदणी आवश्यक असताना न घेतल्याचा दंड म्हणजे दहा हजार रुपये किंवा चुकवलेला कर, यांत जे जास्त असेल ते. छोट्या धंद्याला कर झेपतो, तो मोडतो या मागच्या बाकीनं.

आतापर्यंत बाई फक्त हैदराबादेत विकत होत्या असं धरलं. नांदेडहून कुणी फोनवर चार किलो चिवडा आणि किलोभर मसाला मागवला आणि बाईंनी तो एसटीनं किंवा कुरिअरनं पाठवला, तर सगळंच बदलतं. दुसऱ्या राज्यात करपात्र माल विकणाऱ्याला मर्यादाच नाही. पहिल्या पार्सलपासून नोंदणी बंधनकारक, मग वर्षाची विक्री दोन लाखांची का असेना. अधिसूचित हस्तकलेच्या वस्तूंना यात अटींसह सूट आहे, चिवड्याला नाही. सेवांच्या बाबतीत मात्र कायदा सैल आहे. माधापूरमध्ये बसून पुण्याच्या ग्राहकासाठी डिझाइनचं काम करणाऱ्याला वीस लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. १९५६ पर्यंत नांदेड हैदराबाद राज्यातच होतं आणि १९५० चा हैदराबाद सामान्य विक्रीकर कायदा दोन्हीकडे एकच होता. नातीगोती आणि मालाच्या मागण्या आजही त्याच वाटेनं जातात, पण आता ती आंतरराज्य विक्री ठरते. व्हॉट्सॲपवर मराठवाड्यातल्या ओळखीपाळखीत फराळ पाठवणाऱ्या हैदराबादच्या अनेक घरांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

उलट्या दिशेनं येणाऱ्यांसाठीही एक नियम आहे. नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर दर वर्षी १ जानेवारीपासून भरणाऱ्या नुमाइशमध्ये गाळा घेऊन कुणी पुण्याहून मसाले विकायला आला, तर तेलंगणात त्याची कायमची जागा नसल्यामुळे तो ‘प्रासंगिक’ करदाता ठरतो. त्यालाही वीस लाखांची मर्यादा लागू नाही. धंदा सुरू होण्याच्या किमान पाच दिवस आधी अर्ज करायचा, किती कर होईल त्याचा अंदाज करून तो आगाऊ भरायचा. ही नोंदणी जास्तीत जास्त नव्वद दिवसांची असते आणि आणखी नव्वद दिवसांनी वाढवता येते. अंदाज जास्त झाला तर उरलेली रक्कम विवरणपत्रं भरल्यावर परत मागता येते.

आता बिलाकडे वळू. प्रमाणपत्र हाती येईपर्यंत बिलावर जीएसटी लावायचा नाही, हा पहिला नियम. नोंदणी नसताना ‘जीएसटी वेगळा’ असं लिहून पैसे घेणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि घेतलेली रक्कम सरकारला भरावीच लागते. ८ जानेवारी ते २ फेब्रुवारीच्या बिलांचं काय, हा प्रश्न मग राहतो. प्रमाणपत्र मिळाल्यापासून एक महिन्याच्या आत त्या बिलांच्या जागी सुधारित बिलं द्यायची. त्यावर ‘रिव्हाइज्ड इन्व्हॉइस’ असं ठळक लिहायचं आणि मूळ बिलाचा क्रमांक व तारीख टाकायची. काउंटरवरच्या नोंदणी नसलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांसाठी मिळून एकच एकत्रित सुधारित बिल चालतं. पण त्या दिवसांत एखाद्या नोंदणीकृत कॅन्टीननं माल नेला असेल, तर त्याला वेगळं सुधारित बिल द्यायलाच हवं. त्यावरच त्याला कराची वजावट मिळते.

फेब्रुवारीत त्या कॅन्टीनची पुढची मागणी येते, २० किलो चिवडा ३०० रुपये किलोनं आणि ५ किलो मसाला ६०० रुपये किलोनं. बिलाच्या वर दुकानाचं नाव, पत्ता आणि जीएसटीआयएन. मग बिल क्रमांक. त्यात अक्षरं, अंक, आडवी रेघ आणि तिरपी रेघ एवढंच चालतं, एकूण सोळा अक्षरांपर्यंत, आणि आर्थिक वर्षात एकच क्रमांक दोनदा येता कामा नये. उदाहरणार्थ KG/25-26/0001. मग तारीख, आणि कॅन्टीनचं नाव, पत्ता, जीएसटीआयएन. त्याखाली मालाची ओळ. तीत वस्तूचं नाव, एचएसएन क्रमांक, वजन, भाव. पाच कोटींच्या आतल्या धंद्याला नोंदणीकृत गिऱ्हाइकाच्या बिलावर एचएसएनचे चार आकडे पुरतात. चिवड्याचे २१०६, मसाल्याचे ०९१०.

रक्कम अशी मांडायची:

```
चिवडा   2106   20 किलो × 300   6,000.00
मसाला   0910    5 किलो × 600   3,000.00
करपात्र रक्कम                     9,000.00
सीजीएसटी 2.5%                      225.00
एसजीएसटी 2.5%                      225.00
एकूण                             9,450.00
```

पाच टक्के एकाच ओळीत ४५० असे लिहून चालत नाहीत. कर केंद्राचा आणि राज्याचा वेगळा आहे, तो दोन ओळींत दाखवायचा. गिऱ्हाइकाला सूट दिली असेल तर ती बिलातच आधी वजा करून दाखवायची आणि उरलेल्या रकमेवर कर लावायचा. खाली सही किंवा डिजिटल सही. मालाच्या बिलाच्या तीन प्रती असतात. मूळ प्रत गिऱ्हाइकाला, दुसरी वाहतूकदाराला, तिसरी आपल्याकडे.

कॅन्टीननं याच मागणीत दहा किलो पापडही मागितला, तर तो या बिलात घालायचा नाही. पापड करमाफ, आणि करमाफ मालासाठी ‘बिल ऑफ सप्लाय’ हा वेगळा कागद असतो. त्यावर कराची ओळच नसते. गिऱ्हाईक नोंदणी नसलेलं असेल, म्हणजे तुमच्या-आमच्यासारखं घरी नेणारं असेल, तर चिवडा आणि पापड एकाच एकत्रित कागदावर चालतात.

तोच माल नांदेडच्या एखाद्या दुकानात पाठवला, तर सीजीएसटी आणि एसजीएसटी या दोन्ही ओळी जातात आणि त्यांच्या जागी आयजीएसटी ५ टक्के ही एकच ओळ येते. शिवाय पुरवठ्याचं ठिकाण म्हणून ‘महाराष्ट्र’ लिहायचं. रक्कम तेवढीच, ९,०००वर ४५०. पण ओळ चुकली तर कर चुकीच्या खात्यात जातो. बरोबरच्या खात्यात तो पुन्हा भरावा लागतो आणि आधीचा परत मागत बसावं लागतं. व्याज लागत नाही, पण पैसा अडकतो.

काउंटरवरच्या पाकिटाचा हिशेब उलटा असतो. पाकिटावरच्या किमतीत सगळे कर धरलेले असतात, तिच्यावर वेगळा जीएसटी लावता येत नाही. २१० रुपयांच्या पाकिटात माल २०० रुपयांचा आणि कर ५ अधिक ५ रुपये. काही दुकानदार २१० चे पाच टक्के, म्हणजे साडेदहा रुपये, कर काढतात. त्यात दर पाकिटामागे पन्नास पैसे जास्त भरले जातात. बिलावर करपात्र रक्कम २०० दाखवायची. नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाचं बिल पन्नास हजारांच्या आत असेल तर त्याचं नाव-पत्ता घालायची सक्ती नाही. दोनशे रुपयांच्या आतली विक्री असेल आणि गिऱ्हाइकानं बिल मागितलं नाही, तर सुटं बिल न फाडता दिवसाच्या शेवटी अशा सगळ्या विक्रीचं मिळून एक बिल केलं तरी चालतं.

हे सगळं नको असेल तर कंपोझिशनची वाट आहे. तेलंगणात दीड कोटीपर्यंतच्या धंद्याला ती मिळते. माल स्वतः बनवणाऱ्याला एकूण विक्रीवर एक टक्का भरावा लागतो. त्यात पापडही येतो. हा एक टक्का स्वतःच्या खिशातून द्यायचा, गिऱ्हाइकाकडून घ्यायचा नाही. बिल ऑफ सप्लायच्या माथ्यावर ‘कंपोझिशन करदाता, विक्रीवर कर आकारण्यास पात्र नाही’ या अर्थाची ओळ छापावी लागते. तिमाहीला कर आणि वर्षाला एक विवरणपत्र, एवढंच काम. पण खरेदीवरच्या कराची वजावट नाही आणि राज्याबाहेर माल विकता येत नाही. फक्त काचीगुड्यात काउंटरवर विकायचं असेल, तर माझ्या मते ही वाट बरी. कॅन्टीनवाल्याला तुमच्या बिलावर वजावट मिळणार नाही, म्हणून तो हळूहळू दुसरीकडे वळेल, आणि नांदेडचं पार्सल तर बंदच. बाईंचं पुढचं गिऱ्हाईक नांदेड-लातूरकडचं असेल, तर त्यांनी नेहमीची नोंदणीच घ्यावी.

गिऱ्हाइकांनीही एक गोष्ट करावी. कुणी जीएसटी लावून बिल दिलं, तर त्यावरचा क्रमांक gst.gov.in वर Search Taxpayer मध्ये टाकून पाहावा. तिथे धंद्याचं नाव, नोंदणी चालू आहे की रद्द झाली, आणि तो कंपोझिशनमध्ये आहे का, हे दिसतं. कंपोझिशनवाल्यानं किंवा नोंदणी रद्द झालेल्यानं कर लावला असेल, तर तो देऊ नका.

हैदराबादेत छोटा धंदा करणाऱ्यांनी दर महिन्याच्या शेवटी पॅनवरची सगळी बेरीज एका वहीत मांडावी, पापड आणि घरभाड्यासकट. ती अठरा लाखांवर गेली, की त्याच आठवड्यात जागेचे कागद गोळा करायला लागावं.